अबोला सोडताना पहिला 'जय भीम'

शिर्डीत दिवसभर माणसे एकमेकांना 'साईराम' म्हणतात. हारवाला गिऱ्हाइकाला म्हणतो, रिक्षावाला प्रवाशाला म्हणतो, लॉजवरचा पोऱ्या खोलीची चावी हातात देताना म्हणतो. तो धंद्याचा शब्द झाला. हीच माणसे संध्याकाळी आपापल्या वस्तीच्या गल्लीत शिरतात तेव्हा तोंडातला शब्द बदलतो आणि 'जय भीम' होतो. आज या पानावर आम्ही अशाच एका 'जय भीम'विषयी लिहितो आहोत. तो एका बाईच्या घशात तीन वर्षे अडकून बसला होता.

आरोग्याच्या पानावर भांडणाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. आम्हाला ती गोष्ट आमच्या वहीतच दिसली. महिन्यातून एका रविवारी विहारात आम्ही बीपीचे मशीन आणि शुगरच्या पट्ट्या घेऊन बसतो. त्या वहीत दोन नावे कायम एकाखाली एक असायची, कारण त्या दोघी नेहमी जोडीने यायच्या. एका महिन्यापासून एकच नाव राहिले. दुसरी आजारी नव्हती, गावालाही गेली नव्हती. तिने विहाराचा रस्ताच सोडला होता, कारण त्या रस्त्यावर पहिलीचे घर होते.

दोघींना आपण थोरली आणि धाकटी म्हणू. थोरली पन्नाशी ओलांडलेली, घरी बसून प्रसादाच्या दुकानांसाठी गुलाबाचे आणि झेंडूचे हार ओवते. धाकटी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, एका लॉजवर चादरी धुवायला जाते. दोघी एकाच गावच्या लेकी. एकीचे बाळंतपण दुसरीने काढलेले. थोरलीला बीपी, धाकटीला शुगर. महिन्यातून एकदा दोघी राहात्याला सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला जोडीने जायच्या. धाकटीला वाचता येत नाही, थोरली सातवी शिकलेली. कोणती गोळी सकाळची आणि कोणती रात्रीची हे थोरली पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून तिला सांगायची.

भांडण बचत गटाच्या पैशावरून झाले. धाकटीने गटातून पंधरा हजार रुपये उचलले होते. नवरा आजारी पडला आणि तिचे तीन हप्ते थकले. थोरली गटाची सचिव. तिने बैठकीत थकलेल्यांची नावे वाचली, ते तिचे कामच होते. पण वाचताना तोंडातून एक वाक्य जास्तीचे गेले, 'मैत्रीण म्हणून दिलं, तर असं होतं.' धाकटीने आठ दिवसांत कानातले मोडले, सगळे पैसे आणून सतरंजीवर टाकले आणि निघून गेली. त्या दिवसापासून अबोला.

लहान मुले भांडली की करंगळी पुढे करून कट्टी घेतात आणि दोन दिवसांनी बोटे जुळवून बट्टी करतात. मोठ्यांची कट्टी होते, पण बट्टीची खूण मोठ्यांकडे नसते. आजूबाजूच्या समाजात संक्रांतीच्या तिळगुळाने हे काम थोडेफार होते. वर्षभर न बोललेली शेजारीण त्या दिवशी दारात येते. आपल्यातल्या बहुतेक घरांनी तो सण सोडला आणि ते योग्यच केले. पण त्या सणाबरोबर अबोला सोडायची एक ठरलेली तारीखही गेली, हे आपल्या लक्षात आले नाही. खरे तर आपल्याकडे त्याहून जुनी आणि जास्त विचारपूर्वक घालून दिलेली तारीख आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी आमची चूक सांगतो. भांडणानंतर सहाएक महिन्यांनी आम्हीच दोघींना विहारात समोरासमोर बोलावले. चार बायका मध्यस्थ म्हणून बसल्या. 'झालं गेलं विसरा, गळ्यात पडा' असे म्हणून एकीचा हात दुसरीच्या हातात दिला. दोघींनी हात दिला, मान खाली घातली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून अबोला अधिकच कडक झाला. धाकटी नंतर म्हणाली, 'पैशाच्या वेळी चारचौघींत लाज गेली आणि मिटवायच्या वेळी पण चारचौघींतच.' पेशंटच्या जखमेला पडदा लावल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आम्ही नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकलो होतो. इथे ते आठवले नाही.

थोरलीने आपल्या परीने दोनदा प्रयत्न केला. एकदा तिने धाकटीच्या व्हॉट्सॲपवर १४ एप्रिलचे शुभेच्छांचे चित्र पाठवले. ते चित्र तिने त्या दिवशी साठ जणांना पाठवले होते. धाकटीलाही ते इतर साठ जणांकडून आलेले होते. त्यातून ती काय समजणार? चित्र पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आले नाही आणि थोरलीच्या मनात अढी बसली की मी पुढे झाले, हिनेच दार लावले. दुसऱ्यांदा ती नळावर प्रत्यक्ष बोलली. म्हणाली, 'जय भीम. पण त्या दिवशी तू पैसे फेकायला नको होते.' नळावर अकरा हंडे रांगेत होते आणि अकरा बायका ऐकत होत्या. धाकटीने हंडा अर्धाच भरून उचलला.

या दोन प्रयत्नांत काय चुकले हे समजून घ्यायचे, तर त्या क्षणी शरीरात काय होते ते पाहावे लागेल.

ज्या माणसाशी बोलणे तुटले आहे ते माणूस लांबून येताना दिसले की मन त्याला धोका समजते. कुत्रे अंगावर आले तर शरीर जी तयारी करते तीच तयारी इथे सुरू होते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्यातून ॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात येते. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हात गार होतात, गळ्याचे स्नायू आवळतात. आवळलेल्या गळ्यातून शब्द नीट निघत नाही. तो एकतर अडकतो, नाहीतर चढ्या आणि कोरड्या आवाजात बाहेर पडतो. ऐकणारीच्या शरीरातही त्याच वेळी हेच चाललेले असते. अशा अवस्थेत ती शब्द कमी ऐकते आणि आवाजाची धार जास्त ऐकते. म्हणून चांगला शब्दसुद्धा टोमणा वाटतो.

अमेरिकेत जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोच्या भांडणांत दोघांची नाडी मोजून अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे की भांडताना नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणसाला समोरच्याचे नीट ऐकू येत नाही, आणि मग निदान वीस मिनिटे थांबावे. हे कोणालाही वापरता येते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा, घड्याळ लावून तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण साठ ते शंभर असते. मैत्रिणीचा नुसता विचार करून ती शंभराच्या पुढे जात असेल, तर आज तिच्यासमोर जायचा दिवस नाही. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. एटेनोलॉलसारख्या बीपीच्या काही गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत. थोरली तीच गोळी घेत होती. तिची नाडी बहात्तर आणि हात बर्फासारखे. अशा वेळी नाडीवर जाऊ नका. तोंड कोरडे आहे का ते बघा.

वीस मिनिटे थांबायचे म्हणजे भांडण मनात घोळवत बसायचे नाही. तसे केले तर शरीर दर मिनिटाला नव्याने तापते. हाताला काम द्यावे. थोरली हार ओवायची. आनापानाची सवय असेल तर तीही इथे कामाची आहे. श्वास तीन आकड्यांत घ्यायचा आणि सहा आकड्यांत सोडायचा, असे दहा वेळा. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती उतरते. निघण्यापूर्वी दोन घोट पाणी प्यावे, म्हणजे आवाज फाटत नाही.

थोरलीने आम्हाला एकदा विचारले होते, 'मॅडम, मी तिला वाईट बोलत नाही, खोटं बोलत नाही. बोलतच नाही, तर शील कुठं मोडलं?' आम्हाला हसू आले, पण प्रश्न चोख होता. त्याचे उत्तर विनयपिटकात आहे. तीच ती तारखेची गोष्ट.

कोसल देशात काही भिक्खू वर्षावासाला एकत्र राहिले. ते एकमेकांचे मित्र होते. भांडण होऊ नये म्हणून त्यांनी ठरवले की तीन महिने कोणी कोणाशी बोलायचेच नाही. भिक्षेहून जो आधी येईल त्याने आसने मांडावीत, पाय धुवायला पाणी ठेवावे. पाण्याचे भांडे रिकामे दिसले आणि एकट्याला उचलले नाही, तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे, पण तोंड उघडू नये. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला जेतवनात भगवंतांना भेटायला गेले आणि आम्ही अगदी सुखाने राहिलो असे त्यांनी सांगितले. आपण शाबासकी देऊ. भगवंतांनी त्यांना फटकारले. मेंढरे शेजारी शेजारी राहतात तसे तुम्ही राहिलात आणि त्याला सुख म्हणता, असे ते म्हणाले. मुके राहण्याचे व्रत त्यांनी नाकारले आणि त्या जागी पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी संघ जमतो. प्रत्येक भिक्खू हात जोडून इतरांना सांगतो की माझ्याकडून काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तुम्हाला तशी शंका आली असेल, तर करुणा ठेवून मला सांगा, मी ते सुधारीन.

यातल्या दोन बारकाव्यांचा आपल्याला फार उपयोग आहे. पहिला असा की बोलण्याची सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खू करतो. आपल्याकडे उलटे असते. थोरल्याने आधी वाकायचे म्हणजे कमीपणा, असे आपण धरून बसतो. दुसरा असा की मी काय पाहिले, मी काय ऐकले हे कोणी सांगत नाही. तो फक्त दुसऱ्याला बोलायला जागा करून देतो. नळावर थोरलीने जागा दिली नाही, तिने सरळ निकाल दिला.

पवारणा आश्विन पौर्णिमेला येते. विजयादशमी म्हणजे आश्विन शुद्ध दशमी. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तो दिवस विजयादशमीचा होता आणि साईबाबांचे निधन १९१८ साली झाले तोही विजयादशमीचा. त्यामुळे शिर्डीत दसऱ्याला पाय ठेवायला जागा नसते आणि वस्तीतल्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. हार, लॉज, रिक्षा, सगळे दिवसरात्र चालते. गर्दी ओसरते आणि पाचव्या दिवशी पौर्णिमा येते. गेल्या वर्षी त्याच मधल्या दिवसांत थोरली रात्री नऊ वाजता आमच्या दारात आली.

तिने धाकटीला लांबून लंगडताना पाहिले होते. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला फडके. थोरलीने आमच्याच शिबिरात ऐकलेले होते की शुगर असलेल्याच्या पायाची जखम दुखत नाही, कारण नसा बधिर झालेल्या असतात, आणि न दुखणारी जखम जास्त घातक. ती रडत होती. म्हणाली, 'आत्ता जाऊन तिला ओरडते, दवाखान्यात चल म्हणते.'

आम्ही तिला थांबवले. तीन वर्षांनी कानावर पडणारा पहिला शब्द ओरडा असेल, तर धाकटी त्याला पुन्हा हिशोबच समजेल आणि पायही दाखवणार नाही. शुगरच्या पायाला थांबायला वेळ नसतो हेही तितकेच खरे. म्हणून आम्ही दोन कामे वेगळी केली. पायाचे काम आम्ही घेतले. त्याच रात्री गेलो. टाचेला फोड फुटला होता, कडा लाल होत्या, पण लाली वर चढली नव्हती आणि ताप नव्हता. सकाळी तिला डॉक्टरांकडे नेले, ड्रेसिंग सुरू झाले, शुगर तपासली, गोळ्या ठरल्या. थोरलीचे नाव आम्ही घेतले नाही. 'जय भीम'चे काम थोरलीचे राहिले आणि त्यावर आता जखमेचे ओझे उरले नाही.

मग आम्ही दोघी बसून ठरवले की कुठे, कधी आणि काय.

कुठे? नळ नको, विहार नको, बचत गटाची बैठक तर नकोच. धाकटीचे घरही नको. दारात कोणी आले की घरच्या बाईला लगेच ठरवावे लागते, आत घ्यायचे का, चहा ठेवायचा का. आणि घरातली सगळी माणसे कान देऊन असतात. जागा अशी हवी की बघे कमी असावेत, दोघींना निघून जाता यावे आणि समोरासमोर उभे राहावे लागू नये. शेजारून चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, ही मोठी सोय आहे. धाकटी संध्याकाळी दळण घेऊन गिरणीवरून परतते, तो रस्ता आम्ही निवडला. खुद्द गिरणी नको, कारण दळण होईपर्यंत ती अडकलेली असते.

कधी? गुरुवारी पालखीची गर्दी, शनिवार-रविवारी लॉज भरलेले. थकलेल्या आणि उपाशी माणसाला गाठू नये. मंगळवार ठरला. पौर्णिमा त्याच्यानंतर दोन दिवसांनी होती. त्यामुळे पुढची भेट कोणी न ठरवता ठरलेली होती.

काय बोलायचे, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. थोरलीला 'कशी आहेस?' म्हणायचे होते. वरवर साधा प्रश्न आहे, पण तीन वर्षांनंतर तो जड जातो. 'बरी आहे' म्हणावे तर खोटे आणि 'बरी नाही' म्हणावे तर सगळे उघडे करावे लागते. तिला माफीही मागायची होती. माफी हवीच, पण पहिल्या हाकेत नको; कारण माफीला लगेच उत्तर द्यावे लागते, करते किंवा करत नाही. पहिल्या हाकेला उत्तराची सक्ती नसावी. इथे 'जय भीम' हा शब्द कामाला येतो. कामठीच्या बाबू हरदास यांनी तो चळवळीत रुजवला असे मानले जाते. त्याची गंमत अशी की त्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे आणि ते 'जय भीम'च आहे. ऐकणारीला काही शोधावे लागत नाही. बोलणारी मोठी आणि ऐकणारी लहान असेही त्यात काही नाही, दोघींचे शब्द सारखेच. आणि त्यात भांडणाचा उल्लेख नाही.

त्याला जोडून धाकटीचे माहेरचे लाडाचे नाव घ्यायचे ठरले. शाळेच्या वयापासून फक्त थोरलीच त्या नावाने हाक मारायची. ते आम्ही इथे लिहीत नाही. नाव घेतले की शब्द साठ जणांचा राहत नाही, एकीचाच होतो. त्यापुढे एक लहानसे वाक्य, ज्याचा दोघींच्या भांडणाशी संबंध नाही. मग पुढे चालू लागायचे. एकूण अर्धा मिनिट. 'पण' आणि 'त्या दिवशी' हे दोन शब्द आम्ही बाद केले.

मंगळवारी थोरलीने चारपर्यंत हार ओवले, दहा श्वास मोजले, पाणी प्यायली. गिरणीच्या रस्त्यावर धाकटी डोक्यावर पिठाचा डबा घेऊन सावकाश येत होती. थोरली मागून गेली, दोन हात अंतर ठेवून बरोबरीने चालू लागली आणि नावाने हाक मारून म्हणाली, 'जय भीम गं.'

धाकटी थबकली, बोलली नाही. थोरलीने आम्हाला नंतर सांगितले की ते तीन-चार सेकंद तिला सगळ्यात अवघड गेले. जीभ वळवळत होती. आम्ही तिला आधीच सांगितले होते की या वेळी गप्प राहायचे. तिचे शरीरही दचकलेले असते, त्याला उतरायला तेवढा वेळ लागतो. मग धाकटीने डबा एका हाताने धरला आणि रस्त्याकडे बघतच म्हटले, 'जय भीम.' थोरली म्हणाली, 'झेंडू लई महाग झाला औंदा.' धाकटी म्हणाली, 'व्हय, ऐकलं.' तेवढ्यात वळण आले आणि थोरली आपल्या गल्लीत वळली. घरी येऊन तिने आम्हाला फोन केला तर तिला नीट बोलताही येत नव्हते.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीच्या माणसाने अचानक साधी चौकशी केली, तर समोरच्याला किती बरे वाटेल याचा अंदाज चौकशी करणारे कमीच लावतात, असे त्यात दिसले. चौकशी जितकी अनपेक्षित, तितके समोरच्याला जास्त बरे वाटते. पण ती माणसे भांडलेली नव्हती, नुसता संपर्क कमी झालेला होता. म्हणून हा अभ्यास आपल्या कामाला अर्धाच येतो. भांडणानंतर उत्तर न येण्याची शक्यता खरी असते आणि तिची तयारी ठेवूनच निघावे.

उत्तर आले नाही तर? मान हलवली, पावले मंद झाली, रस्ता बदलला नाही, तर ते उत्तरच समजावे. काहीच नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठू नये. पुढची पौर्णिमा, १४ एप्रिल, कोणाच्या घरचे नामकरण अशा वेळी पुन्हा एकदा तेवढेच म्हणावे. आमच्या अनुभवात तीन वेळांनंतर थांबणे बरे. त्यापुढे तो शब्द पाठलाग वाटू लागतो. तिने तोंडाने 'माझ्याशी बोलू नकोस' म्हटले, तर पहिल्याच वेळी थांबावे. मधल्या काळात तिसऱ्या बाईकडून 'ती काय म्हणते?' अशी चौकशी मुळीच करू नये. वस्तीत शब्द दोन घरे फिरला की त्याचा अर्थ पालटतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सगळा अबोला सोडायचा नसतो. ज्याने हात उचलला, जो मुलीबाळींच्या अंगावर आला, ज्याने धमकावून पैसे काढले, त्याच्याशी तोडलेले बोलणे हे स्वतःचे रक्षण आहे. तिथे 'मैत्री जप' असा आग्रह कोणी धरू नये, विहारातल्या मंडळींनीही नाही. आणि ज्याला अबोल्याच्या काळात दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, त्याचे काम एका 'जय भीम'ने होणार नाही. त्याने सरकारी दवाखान्यात दाखवावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या फुकट क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते. छातीत धडधडीबरोबर दुखत असेल, दुखणे हातात किंवा जबड्यात उतरत असेल, घाम फुटत असेल, तर तो राग समजून घरी बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

पौर्णिमेच्या संध्याकाळी धाकटी पायाला पट्टी बांधून विहारात आली आणि मागच्या रांगेत बसली. थोरली पुढे होती. वंदना झाल्यावर खिरीच्या वाट्या फिरल्या. थोरलीने एक वाटी मागे नेऊन धाकटीच्या पुढे ठेवली, मग हळूच ती उचलून परत आणली, कारण शुगर. धाकटी म्हणाली, 'आता खिरीवरून पण नाव वाचणार का?' आम्ही शेजारीच होतो, आमचा श्वास अडकला. थोरलीने दहा सेकंद काहीच म्हटले नाही. मग म्हणाली, 'ते वाक्य माझं चुकलं होतं. तुला काय वाटलं ते सांग, मी ऐकते.' धाकटीने त्या रात्री काही सांगितले नाही. पंधरा दिवसांनी सांगितले, ड्रेसिंगहून येताना, आणि बराच वेळ सांगितले. थोरलीने ऐकून घेतले. मधे दोनदा तिच्या तोंडावर 'पण' आला होता, असे ती आम्हाला म्हणाली.

धाकटी बचत गटात परत आलेली नाही. येणार नाही म्हणते आणि थोरली आता तो विषय काढत नाही. टाच भरायला दोन महिने लागले. राहात्याला त्या पुन्हा जोडीने जातात. गेल्या महिन्यात वहीत दोघींची नावे लिहिताना धाकटीने पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढून आम्हाला दाखवले. त्यावर निळ्या पेनने सूर्य आणि चंद्र काढलेले होते.